रिपेअरनंतर फोनचा माइक गेला, तर तक्रारपत्रात नेमकं काय लिहायचं

चार्जिंग पोर्ट बदलून फोन परत आला, चार्जिंग झकास होतंय, आणि पहिल्याच कॉलवर समोरचा माणूस "हॅलो... हॅलो... आवाज येत नाहीये" करतोय. रिपेअरनंतरच्या तक्रारींत ही अगदी नेहमीची. तिच्यावर सर्व्हिस सेंटरला जाणारं पत्रही ठरलेलंच असतं: "आपल्या निष्काळजीपणामुळे माझा फोन बिघडला असून मला प्रचंड मनस्ताप झाला आहे, तरी ताबडतोब दुरुस्त करून द्यावा." मनस्ताप खराच असतो, पण पत्र वाचणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. मग उत्तर येतं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल, रीसेट मारून बघा. नाहीतर आत पाणी गेलंय. नाहीतर माइक आमच्या कामात नव्हताच, हा नवीन बिघाड, त्याचे वेगळे पैसे. माझं मत असं की या तिन्ही उत्तरांना पत्रातच अडवता येतं, आणि त्यासाठी फोन उघडावा लागत नाही. थोड्या चाचण्या शांतपणे करून त्यांचे निकाल लिहिले की झालं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये माइक एकच नसतो. खाली चार्जिंग पोर्टच्या शेजारी मुख्य माइक असतो, तो कानाला लावून बोलताना आपला आवाज उचलतो. वरच्या कडेला किंवा इअरपीसपाशी दुसरा असतो, आजूबाजूचा गोंगाट ओळखून वजा करायला तो लागतो. काही फोनमध्ये मागे कॅमेऱ्याजवळ तिसराही असतो. म्हणून "माइक चालत नाही" हे वाक्य अर्धवट आहे. कोणता चालत नाही, हे सांगितलं पाहिजे.

पोर्ट बदलल्यावर खालचाच माइक का जातो, याचं कारण साधं आहे. अनेक फोनमध्ये चार्जिंग पोर्ट आणि मुख्य माइक एकाच छोट्या सब-बोर्डवर किंवा एकाच फ्लेक्सवर, म्हणजे पातळ लवचिक केबलवर, बसवलेले असतात. पोर्ट बदलणे म्हणजे बऱ्याचदा हा अख्खा सब-बोर्डच बदलणे, म्हणजे माइकही नवा येतो. तो हलक्या प्रतीचा असू शकतो, किंवा त्याच मॉडेलच्या वेगळ्या आवृत्तीचा. सब-बोर्डपासून मदरबोर्डपर्यंत जाणाऱ्या फ्लेक्सचा कनेक्टर नीट टिचकन बसला नाही, तरी चार्जिंग चालू आणि माइक बंद असं होऊ शकतं, कारण दोघांच्या पिना वेगळ्या. आणखी एक कारण फार दुर्लक्षित आहे. माइकच्या भोकावर एक बारीक जाळी आणि रबरी गॅस्केट असतं. जोडताना ते सरकलं, किंवा चिकटपट्टीचा कपटा भोकावर आला, तर माइक शाबूत असूनही आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. पोर्ट सुटा काढून सोल्डर केला असेल, तर हॉट एअरची उष्णता किंवा सोल्डरिंगला लावलेलं फ्लक्स हे रसायन शेजारच्या माइकला भोवतं. हा माइक 3-4 मिमीचा, आतला पडदा अतिशय नाजूक, आणि भोक उघडंच.

म्हणूनच लक्षणाचे शब्द जपून वापरा. आवाज अजिबात येत नाही, आवाज दबका येतो, मधूनमधून तुटतो, फोनची खालची कड दाबल्यावर येतो, समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. ही पाच वेगवेगळी लक्षणं आहेत. दबका आवाज असेल तर आधी जाळी-गॅस्केट बघतात. दाबल्यावर येत असेल तर कनेक्टरवर संशय. पूर्ण शांतता असेल तर फ्लेक्स, माइक किंवा मदरबोर्डवरचा ऑडिओचा भाग. प्रतिध्वनी येत असेल तर गॅस्केटमधून स्पीकरचा आवाज आतल्या आत माइकपर्यंत पोचतोय का ते पाहावं लागतं. "माइक खराब आहे" एवढंच लिहिलंत तर हा सगळा फरक वाया जातो.

आता चाचण्या. फोनमधलंच रेकॉर्डर ॲप उघडा आणि अर्धा मिनिट नेहमीच्या आवाजात बोला. रेकॉर्डिंग चालू असतानाच बोटाच्या टोकाने खालच्या भोकाजवळ हलकेच खरवडा, मग वरच्या, मग मागच्या. जो माइक त्या वेळी चालू असेल त्याच्याजवळ खरवडल्यावर रेकॉर्डिंगमध्ये जोरात खरखर येते. ऐकून लगेच कळतं. त्यानंतर मागच्या कॅमेऱ्याने एक छोटा व्हिडिओ घ्या, पुढच्याने एक. आयफोनमध्ये हे वाटप सरळ आहे: व्हॉइस मेमोज खालच्या माइकसाठी, पुढचा कॅमेरा वरच्यासाठी, मागचा कॅमेरा मागच्यासाठी. अँड्रॉइडमध्ये ते मॉडेलनुसार बदलतं, व्हिडिओला दोन माइक एकदम चालू असू शकतात, म्हणून तिथे खरवडण्याची चाचणी जास्त उपयोगी. मग एक साधा कॉल कानाला लावून, एक स्पीकरवर. शेवटी वायरचा, माइक असलेला इअरफोन लावून पुन्हा तेच रेकॉर्डर ॲप.

ही शेवटची चाचणी सगळ्यात मोलाची. फोनच्या माइकने रेकॉर्डिंग शांत, पण इअरफोनच्या माइकने त्याच ॲपमध्ये स्वच्छ, म्हणजे ॲप, परवानगी आणि रेकॉर्डिंगची यंत्रणा ठीक आहे. "सॉफ्टवेअर असेल" या उत्तरात मग फारसा दम राहत नाही. तरी ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर फोन दुसऱ्या खोलीतल्या हेडसेटचा माइक ऐकत बसतो. अँड्रॉइड 12 पासून पुढे क्विक सेटिंग्जमध्ये Mic access असं बटण असू शकतं, ते चालू आहे ना बघा. अँड्रॉइडवर सेफ मोडमध्येही एकदा रेकॉर्ड करा, त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स बंद असतात. भोकात सिमची पिन मात्र घालू नका. पडदा फाटला तर मूळ दोष कोणाचा, हे पुन्हा ठरवता येणार नाही, आणि तुमची बाजू तिथेच लंगडी पडेल.

समजा, निकाल असे आले: खालून शांतता, स्पीकरवरच्या कॉलला आणि मागच्या व्हिडिओला आवाज ठीक, इअरफोनला ठीक. तर पत्र साधारण असं.

मा. व्यवस्थापक, सर्व्हिस सेंटर यांस,

विषय: चार्जिंग पोर्ट बदलल्यानंतर मुख्य (खालचा) माइक बंद असल्याबाबत. जॉबशीट क्र. ____, आयएमईआय ____

महोदय,

वरील फोन चार्जिंग होत नसल्यामुळे मी 3 मार्च रोजी आपल्याकडे दिला. त्या वेळी माइकची कोणतीही तक्रार नव्हती आणि जॉबशीटवरही तशी नोंद नाही. 5 मार्च रोजी चार्जिंग पोर्ट बदलून फोन परत मिळाला. त्याच दिवशी केलेल्या पहिल्या कॉलपासून समोरच्या व्यक्तीला माझा आवाज अजिबात ऐकू येत नाही.

मी केलेल्या चाचण्या: रेकॉर्डर ॲपमध्ये रेकॉर्डिंग पूर्ण शांत येते, सेफ मोडमध्येही तसेच. खालच्या भोकाजवळ खरवडले तरी आवाज उमटत नाही. स्पीकरवरील कॉल आणि मागील कॅमेऱ्याचा व्हिडिओ यांत आवाज येतो. वायरच्या इअरफोनने त्याच ॲपमध्ये आवाज स्वच्छ येतो. ब्लूटूथ बंद आणि माइकची परवानगी चालू होती. फोन पडलेला किंवा भिजलेला नाही. तो अन्यत्र उघडलेला नाही.

दुरुस्ती ज्या भागात झाली त्याच भागातील माइक बंद असल्यामुळे, हा दोष त्याच कामाचा भाग मानून विनाशुल्क दूर करावा, ही विनंती. तपासणीत काय आढळले आणि कोणता भाग बदलला हे लेखी द्यावे. फोनमधील डेटा माझ्या लेखी संमतीशिवाय पुसू नये. आत पाणी किंवा अन्य नुकसान आढळल्यास उघडलेल्या अवस्थेतील फोटो द्यावेत आणि पुढील काम मला विचारूनच करावे. 7 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

सोबत: जॉबशीट व बिलाची प्रत, दोन ध्वनिमुद्रणे, एक व्हिडिओ.

कळावे,
____

बघा, या पत्रात "तुम्ही बिघडवलात" असं कुठेही नाही. कोणता भाग गेला याचं निदानही नाही, आणि ते मुद्दाम. "फ्लेक्स नीट बसवला नाही" असं लिहिलंत आणि आत फ्लेक्स नीट बसलेला निघाला, की तुमचं म्हणणं खोटं ठरवून फोन परत देतील. बाहेरून एवढंच कळतं की खालच्या माइककडून आवाज येत नाही. दोष माइकमध्ये, फ्लेक्समध्ये की मदरबोर्डवर, हे शोधणं त्यांचं काम.

तारखांचं महत्त्व मात्र कमी लेखू नका. फोन हातात आला त्या दिवशीच बिघाड दिसला आणि त्याच दिवशी ईमेल गेला, तर "मधल्या काळात पडला असेल" म्हणायला जागा उरत नाही. पंधरा दिवस इअरफोनवर भागवून मग पत्र लिहिलं, तर ती जागा आपणच करून दिलेली असते. आयएमईआय *#06# डायल करून स्क्रीनवरून घ्या आणि जॉबशीटवरच्या 15 आकड्यांशी ताडून पाहा. चुकीचा आकडा लिहिलेला निघाला तर पहिल्याच परिच्छेदात ते सांगा.

पाण्याच्या मुद्द्यावर थोडं. अनेक फोनमध्ये ओलावा लागला की रंग बदलणारी खूण असते, बऱ्याचदा सिम ट्रेच्या खाचेत. ती सहसा पांढरी असते आणि पाणी लागल्यावर लाल होते. ट्रे काढून टॉर्चच्या उजेडात तिचा फोटो काढून ठेवा. आणि पहिल्या वेळी फोन उघडला तेव्हा पाण्याची नोंद झाली नसेल, तर दुसऱ्या वेळी अचानक ती कशी आली, हा प्रश्न पत्रव्यवहारात सरळ विचारा.

एक मर्यादाही सांगतो. फोन खरोखर भिजून गंजलेला होता आणि जॉबशीटवर तुमच्या सहीने तसं लिहिलेलं असेल, तर माइक रिपेअरमुळेच गेला असं ठामपणे म्हणणं अवघड. अशा वेळी विनाशुल्क दुरुस्तीऐवजी आधी लेखी तपासणी अहवाल मागणं शहाणपणाचं.

पत्र ईमेलने पाठवा, आणि काउंटरवर देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. फोन पुन्हा देताना बॅकअप घ्या, सिम काढा, आणि जॉबशीटवर "माइक प्रॉब्लेम" एवढंच लिहू देऊ नका. "खालचा माइक बंद, बाकीचे चालू, आधीच्या जॉबशीटची पुनर्तक्रार" असं लिहून घ्या. पुनर्तक्रार ही नोंद राहिली, तर तोच फोन नवं काम म्हणून पुन्हा बिलात चढण्याची शक्यता कमी होते.

परत घेताना काउंटरवरच अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, कानाला लावून एक कॉल करा, आणि बोलताना खालची कड हलकेच दाबून बघा. आवाज तुटला तर सही करू नका. "दोष आढळला नाही" असा शेरा मारून फोन परत देत असतील, तर त्यांच्यासमोरच रेकॉर्डिंग ऐकवा आणि ऐकवल्याची नोंद त्याच कागदावर करून घ्या.