‘स्टिअरिंग आपल्या हातात’ म्हणे!

“अहमदाबादनंतर रोज विमानाची काहीतरी बातमी येते. विमान आता सुरक्षित राहिलेलं नाही. त्यापेक्षा आपली गाडी बरी, स्टिअरिंग आपल्या हातात असतं. दहा जणांना पाठवा.”

हे कोणीतरी दहा जणांना पाठवलं आणि त्यातली एक माझी मावशी निघाली. नागपूर-पुणे विमानाचं तिकीट रद्द करून ती आता रात्रीच्या भाड्याच्या गाडीने येणार आहे, म्हणून हा खटाटोप.

रोज बातमी येते, कबूल. पण वाटेतून माघारी वळलेलं विमान पूर्वीही वळायचंच, फक्त त्याचा व्हिडिओ आपल्यापर्यंत पोचत नव्हता. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक प्रवासी नेले. सुखरूप उतरलेल्यांची बातमी कोण करणार? जे चटकन आठवतं तेच वारंवार घडतं, असं मन धरून चालतं. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच हे मांडलं आणि त्याला अव्हेलेबिलिटी ह्युरिस्टिक असं नाव दिलं. अहमदाबादला विमान कोसळून जळालेलं वसतिगृह डोळ्यांसमोर येतं, १६ कोटी येत नाहीत.

खरा घात ‘आपली गाडी बरी’ या वाक्यात आहे. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर लोकांनी नेमकं हेच केलं: विमान टाळलं, लांबचे पल्ले मोटारीने गाठले. गेर्ड गिगेरेंझर या मानसशास्त्रज्ञाने पुढच्या बारा महिन्यांचे रस्ते-अपघात आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले. त्याच्या अंदाजाने सुमारे १,५०० माणसं जास्तीची गेली. त्या दिवशी अपहरण झालेल्या चार विमानांतले प्रवासी आणि कर्मचारी मिळून २४६ होते. म्हणजे भीतीने त्याच्या कितीतरी पट बळी घेतले. पण ते एकेक-दोनदोन करून, वेगवेगळ्या महामार्गांवर गेले, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाहीत.

आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. यात दुचाकीवाले आणि पादचारीच बहुतांश, मोटारीतले साधारण आठवा हिस्सा, हे मान्य. तरी मोटारीतलेच दिवसाला पन्नासच्या वर होतात. अहमदाबादच्या २६० मृत्यूंचा आकडा पाच दिवसांत गाठला जातो, दर पाच दिवसांनी. आणि स्टिअरिंग? भाड्याच्या गाडीत ते मावशीच्या हातात कुठून येणार? समोरून येणाऱ्या ट्रकचं तर कोणाच्याच हातात नसतं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. विमानाचा धोका बराचसा उड्डाण आणि उतरणं यांतच असतो, त्यामुळे अंतर जितकं कमी तितका रस्त्याच्या तुलनेतला त्याचा फायदा कमी. पण नागपूर-पुणे म्हणजे सातशेच्या आसपास किलोमीटर आहे, शेजारचं गाव नव्हे.

विमान नकोच असेल तर मावशी, सरळ रेल्वेने ये. गाडीचाच हट्ट असेल तर निदान दिवसा निघ, मागच्या सीटवरही पट्टा लाव, आणि ड्रायव्हर आदल्या रात्री झोपलाय का ते निघण्याआधी विचार.