पॉइंट्सचा कुकर

क्रेडिट कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंट्सचं सुख निर्भेळ हवं असेल, तर एक पथ्य पाळा: वर्षाची बाराही स्टेटमेंटं एका बैठकीत उघडू नका. महिना सुटा पाहावा. पहिल्याच पानावर रंगीत चौकटीत पॉइंट्सचा आकडा असतो, तो डोळे भरून बघावा आणि चहा घ्यावा. 'फायनान्स चार्जेस' आणि त्याखालची जीएसटीची ओळ आतल्या पानावर किराणा-पेट्रोलच्या गर्दीत उभी असते. गर्दीत शिरून कोणाचं भलं झालंय?

मी शिरलो. जानेवारीतल्या एका रविवारी, मुलीची जुनी वही घेऊन, फेब्रुवारी २०२५ ते जानेवारी २०२६ अशी बारा स्टेटमेंटं पुढ्यात मांडली. तीन रकाने आखले: पॉइंट्स, फी, व्याज. माझी चूक तुम्ही करू नये म्हणून ती जरा तपशिलात सांगतो.

पॉइंट्सचं गणित करताना वर्षाचा सगळा खर्च धरावा, म्हणजे छाती फुगते. माझा खर्च ३,६०,००० रुपये. दर शंभराला दोन पॉइंट, म्हणजे ७,२०० पॉइंट! वहीत लिहूनही टाकले. मग स्टेटमेंटांतली बेरीज केली तर ५,४००च भरले. पेट्रोल, घरभाडं आणि विम्याचा हप्ता यांच्यावर माझं कार्ड पॉइंट देत नाही, आणि हे तिन्ही मिळून ९०,००० होते. हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. अटी वाचायच्या असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कार्डच घेऊ नये.

आता एका पॉइंटची किंमत. ही नेहमी बँकेच्या कॅटलॉगमधूनच काढा. तिथे ५,४०० पॉइंटांना एक प्रेशर कुकर होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'किंमत १,९९९'. म्हणजे पॉइंट ३७ पैशांचा, काय वाईट आहे? फक्त तोच कुकर, तीच कंपनी, तेवढेच लिटर, तुळशीबागेत कितीला मिळतो हे विचारायला जाऊ नका. मी गेलो. दुकानदार म्हणाला, "तेराशे पन्नास, आणि गॅस्केट एक जादा देतो." पॉइंट तिथल्या तिथे २५ पैशांवर आला. घरात आधीच दोन कुकर आहेत, म्हणजे रोख पैसे देऊन मी तिसरा घेतलाच नसता, हा विचार मी केला नाही. काही गोष्टी माणसाने झाकून ठेवाव्यात. कुकर मागवताना बँकेने ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी, असे ११७ रुपये घेतले. आपल्याच पॉइंटांनी आपलीच वस्तू घेण्याचा तो मान असतो, समजून घ्या.

फीचा मुद्दा लहान आहे. वर्षाला १,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८०. वर्षाला चार लाख खर्च केले की ती माफ. मी ४०,००० ने हुकलो. शहाण्या माणसाने मार्च-एप्रिलची वाट न बघता चाळीस हजारांची काहीही वस्तू घेऊन हे १,१८० वाचवायला हवे होते. माझ्या हातून झालं नाही. तरीही ११७ आणि १,१८० वजा जाता १,३५० मधून ५३ रुपये उरतच होते. वर्षभराच्या इमानदारीची ही कमाई बघून मला भरून आलं.

मग तिसरा रकाना.

धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, ४०,००० चं वॉशिंग मशीन घेतलं. १ नोव्हेंबरला आणखी ८,००० ची खरेदी. मागची बाकी शून्य. १२ नोव्हेंबरला ४८,००० चं स्टेटमेंट आलं, मुदत २ डिसेंबर. बँकेने मोठ्या मनाने खाली 'किमान देय रक्कम २,४००' असंही छापलं होतं. मी तर २ डिसेंबरलाच ४५,००० भरले. तीनच हजार राहिले, म्हटलं पुढच्या महिन्यात देऊ. तीन हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. तुम्हीही असाच हिशेब करा, झोप चांगली लागते.

बँकेचा हिशेब वेगळा असतो. पूर्ण रक्कम भरली नाही, की बिनव्याजी मुदत सुरुवातीपासूनच रद्द होते. व्याज उरलेल्या तीन हजारांवर नाही, प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून लागतं. चाळीस हजारांवर १८ ऑक्टोबर ते २ डिसेंबर असे ४५ दिवस, वर्षाला ४२ टक्क्यांनी: २,०७१ रुपये. आठ हजारांवर ३१ दिवसांचे २८५. उरलेल्या तीन हजारांचे पुढच्या स्टेटमेंटपर्यंत १० दिवसांचे ३५. आणि गंमत पुढे आहे. २५ नोव्हेंबरला मी निरागसपणे २०,००० ची नवीन खरेदी केली होती, तिलाही बिनव्याजी मुदत नाही. १७ दिवसांचे ३९१. एकूण २,७८२, त्यावर जीएसटी ५०१. तीन हजार रुपये मागे ठेवले म्हणून ३,२८३ रुपयांचा भुर्दंड. मुद्दलापेक्षा भुर्दंड मोठा, तोही दहा दिवसांत. आजोबांच्या काळी सावकाराला निदान पायरी चढून जावं लागायचं.

(राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे आता कोणाला काही वाटायचं कारण नाही.)

१२ डिसेंबरचं स्टेटमेंट मी घाबरून १ जानेवारीला पै न पै भरलं. प्रकरण मिटलं असं समजून जानेवारीचं स्टेटमेंट उघडूच नये, कारण त्यात आणखी ६२५ रुपये होते: आधीच्या २३,००० वर १२ डिसेंबरपासून भरणा होईपर्यंतच्या वीस दिवसांचं व्याज आणि जीएसटी. त्या दिवसांत कार्ड हरवलं होतं म्हणून नवीन खरेदी नव्हती, नाहीतर तिचंही लागलं असतं. ते नंतर तूरडाळीच्या डब्यात सापडलं.

मला आपलं उगाच वहीच्या समासात गणित करायची खोड. शंभर रुपये खर्च केले की दोन पॉइंट, म्हणजे पन्नास पैसे. शंभर रुपये महिनाभर थकवले की जीएसटी धरून चार रुपये तेरा पैसे. थकवलेला एक रुपया आठ रुपयांच्या खरेदीचे पॉइंट गिळतो. पण हे कार्डाच्या जाहिरातीत बसत नाही, त्यामुळे तुम्हीही लक्षात ठेवायची गरज नाही.

तिसऱ्या रकान्याची बेरीज ३,९०८ झाली. त्यात १,१८० आणि ११७ मिळवले, तर ५,२०५. फुकटचा कुकर ५,२०५ ला पडला.

वही बायकोला दाखवली. तिने चष्मा लावून तिन्ही रकाने वाचले आणि म्हणाली, "एवढ्यात तुळशीबागेतून जवळजवळ चार आले असते." मी म्हटलं, पण त्यांच्यावर पॉइंट मिळाले नसते. ती काही बोलली नाही. कार्ड उचलून आत गेली आणि डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. या वेळी बहुतेक हरभऱ्याच्या डाळीत.