कर सल्लागार सोडण्याची सभ्य रीत

ज्यांना आपला कर सल्लागार बदलावयाचा आहे आणि ज्यांची मूळ कागदपत्रे सध्या त्याच्या कपाटात सुखाने नांदत आहेत, अशा वाचकांच्या हितासाठी मी येथे काही सूचना करीत आहे. त्या मला अलीकडेच एका सल्लागाराच्या कार्यालयातील बाकावर बसलो असता, तेथील सहायकाच्या तोंडून ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य ऐकता ऐकता सुचल्या. त्या तंतोतंत पाळल्यास सल्लागार तुमच्यावर कधीही नाराज होणार नाही, कारण तुम्ही त्याच्या हातून कधी सुटणारच नाही.

सर्वप्रथम, लेखी काही म्हणून देऊ नका. इतक्या वर्षांचे संबंध आहेत, त्यात कागद कशाला मध्ये आणायचा? फोन ठेवता ठेवता ‘यंदा बहुधा दुसरीकडे बघतोय’ असे पुटपुटावे आणि विषय बदलावा. त्यामुळे तुमचे काम त्याच्याकडून कोणत्या तारखेला काढून घेतले, हे उद्या कोणालाच सांगता येणार नाही. एखादा रूक्ष मनुष्य मात्र दिनांक घालून पत्र लिहितो. अमुक तारखेपासून आपली नेमणूक संपली, माझ्या वतीने हजर राहण्यासाठी दिलेले अधिकारपत्र रद्द समजावे, यापुढे माझ्या नावाने कोणतेही विवरणपत्र, उत्तर किंवा अर्ज दाखल करू नये, आणि ज्या नोटिसांची उत्तरे अद्याप गेलेली नाहीत त्या मुदतीसह कळवाव्यात, असे त्यात नमूद करतो. ते पत्र तो ई-मेलने पाठवतो, शिवाय स्पीड पोस्टने पोचपावतीसह रवाना करतो. अशा माणसाला व्यवहार कळतो, पण माया कळत नाही.

कागदपत्रे मागताना ‘माझे सगळे कागद द्या’ एवढेच म्हणावे. ‘सगळे’ म्हणजे काय, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य सल्लागाराला मिळाले पाहिजे. यादी करावयाची नाही. कोणता कागद, कोणत्या वर्षाचा, मूळ की छायाप्रत, कधी आणि कोणाच्या हाती दिला, असल्या तपशिलात शिरावयाचे नाही. म्हणजे मग एक दिवस तुमच्या हातात एक निळे प्लास्टिकचे फोल्डर ठेवण्यात येईल. त्यात फॉर्म १६ च्या दोन प्रती असतील, पुसट झालेली विम्याची पावती असेल, आणि तळाशी एका संपूर्ण अनोळखी गृहस्थाच्या पॅन कार्डाची झेरॉक्स असेल. मला मिळालेल्या फोल्डरमध्ये ती होती. त्या गृहस्थांकडे माझे काय काय पोचले असेल, याचा विचार मी झोपण्यापूर्वी करीत नाही.

‘रिटर्न तर सगळे पोर्टलवरच आहेत, तुम्हीच डाउनलोड करून घ्या’ असे उत्तर मिळाले, तर सल्लागाराचे आभार मानावेत, कारण ते अर्धे खरे आहे. प्राप्तिकराच्या पोर्टलवर दाखल केलेले विवरणपत्र, त्याची पोचपावती, जेसन फाइल आणि विभागाकडून आलेली सूचना हे सारे उतरवून घेता येते. येत नाही ती आकडेमोड. भांडवली नफा कसा काढला, कोणत्या खर्चाला कोणता आधार धरला, मागील वर्षांचा तोटा कोणत्या वर्षातून किती ओढत आणला, याचा कागद सल्लागाराच्या संगणकात असतो आणि पुढच्या सल्लागाराला नेमका तोच लागतो. त्याची स्वतःची टिपणे त्याची असतील, ती त्याने खुशाल ठेवावीत. पण ज्या आकडेमोडीवर तुमचे विवरणपत्र उभे आहे आणि जिचे पैसे तुम्ही मोजले आहेत, तिची प्रत मागण्यात काहीही गैर नाही. तेव्हा मागू नका.

पोर्टलवरून कागद उतरवून घेण्यासाठी आत जावे लागते, ही या सल्ल्यातील किरकोळ अडचण. तुमचा पॅन हाच तुमचा युजर आयडी असतो, हे ठीक. परंतु नोंदणीच्या वेळी मोबाइल आणि ई-मेल कोणाचा घातला आहे, हे पाहिले आहे का? पाहू नका. पुष्कळ ठिकाणी तेथे सल्लागाराचा किंवा त्याच्या सहायकाचा क्रमांक असतो आणि पुढे तो सहायकही नोकरी सोडून गेलेला असतो. माझ्या खात्यावर तसाच क्रमांक होता, मला न विचारता घातलेला. ओटीपी त्यांच्याकडे जाणार, नोटीस त्यांच्याकडे जाणार, आणि मुदत मात्र माझी चालू होणार. विवरणपत्राच्या प्राथमिक तपासणीत विभागाने काही फेरफार सुचवला, तर उत्तराला तीस दिवस मिळतात. ते तीस दिवस परक्याच्या इनबॉक्समध्ये शांतपणे निघून जातात आणि त्यानंतर सुचवलेला फेरफार कायम होऊन थेट मागणी येते. यावर उपाय आहे, पण तो फार सोपा असल्यामुळे कोणी सांगत नाही. आधार पॅनशी जोडलेले असेल, तर पासवर्ड विसरलात या पर्यायातून आधारच्या ओटीपीवर नवा पासवर्ड लावता येतो. तसे न जमल्यास ज्या बँका ती सोय देतात त्यांच्या नेट बँकिंगमधून पोर्टलवर जाता येते. आत गेल्यावर प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल घालावा, जुन्या चार्टर्ड अकाउंटंटचे नाव जोडलेले असल्यास ते निष्क्रिय करावे, आणि मागच्या विवरणपत्राची पडताळणी झाली आहे की नाही ते पाहावे, कारण दाखल केल्यापासून तीस दिवसांत पडताळणी न झालेले विवरणपत्र वेळेत दाखल झाले असे धरले जात नाही. हे सारे सल्लागाराला पत्र देण्यापूर्वीच उरकणारे लोकही असतात. त्यांना सभ्य म्हणता येणार नाही.

डिजिटल सहीचा टोकन त्याच्याच खणात राहू द्या. तुमच्या सहीची काळजी तुमच्यापेक्षा तोच अधिक प्रेमाने घेईल.

मूळ कागद द्यावयाची वेळ आली, तर मात्र हात आखडता घेऊ नका. ‘स्कॅन करून लगेच परत देतो’ या वाक्यावर पूर्ण विश्वास ठेवा. वारसाहक्काने आलेले घर विकले आणि ते मूळ मालकाने १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेले असले, तर त्या तारखेचे बाजारमूल्य हीच खरेदीची किंमत धरता येते, मात्र त्या दिवशीचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असल्यास ती किंमत त्याच्या वर जाता कामा नये. हे बाजारमूल्य नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या अहवालावर ठरते. त्यावर त्याची सही असते, शिक्का असतो, मोजमापे असतात, आणि सारा भांडवली नफा त्या एका आकड्यावर तोललेला असतो. असा माझा अहवाल, मूळ खरेदीखतासह, सल्लागाराने नेला. स्कॅन करून लगेच परत देण्यासाठी. पुढे विभागाने नेमका तोच अहवाल मागितला. नोटीस आली ती त्याच्या ई-मेलवर. मला ती पोर्टलवर स्वतः शिरल्यावर दिसली, तेव्हा मुदत संपत आली होती. मी अहवाल मागितला, तर फाइल गोदामात आहे असे कळले. मग गोदामाची चावी ज्याच्याकडे असते तो रजेवर आहे असे कळले. मग ऑडिटचा सीझन संपू द्या असे कळले. मूल्यांकनकार दरम्यान व्यवसायातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे दुसरी सही-शिक्क्याची प्रत सहजासहजी मिळण्याजोगी नाही, हे मी सांगितले, तेव्हा समोरून अत्यंत शांत आवाजात विचारण्यात आले की तुम्ही झेरॉक्स ठेवली नव्हती का. ठेवली होती, महाराज! झेरॉक्सही होती आणि स्कॅनही होते, पण नोटिशीत मूळ प्रत पडताळणीसाठी हजर करा असे लिहिले होते, आणि ती मूळ प्रत तुमच्या गोदामात तुमच्या रजेवरच्या माणसाच्या चावीआड होती! मुदतवाढ मागण्याचा अर्ज मी स्वतः लिहून पोर्टलवरून दाखल केला. त्याचे कारण म्हणून काय लिहावे, हा प्रश्न मला पडला नाही.

क्षमा असावी. सूचनांकडे वळू.

फीबद्दल दोन्ही बाजूंनी संदिग्धता राखावी. शेवटचे बिल मागू नये, आले तर हिशोब विचारू नये, आणि दिले तर पावती घेऊ नये. त्यामुळे ‘थोडी फी बाकी आहे, ती आली की फाइल देतो’ हे वाक्य कोणत्याही वेळी कामी येते. वकिलाने फी थकली म्हणून अशिलाच्या दाव्याची कागदपत्रे अडवून धरू नयेत, फीसाठी त्याने कायदेशीर मार्गाने वसुली करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. तो निकाल वकिलांविषयी आहे, आणि प्रत्येक कर सल्लागार वकील नसतो, हे खरे. पण खरेदीखत हे त्याच्या फीचे तारण नव्हे, एवढे समजण्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज पडू नये. माझ्याकडे तर शेवटच्या बिलापर्यंतच्या पावत्या होत्या. त्यांची छायाप्रत पाठवल्यावर फीचा विषय निघेनासा झाला आणि पुन्हा गोदामाचा निघू लागला.

कागद मिळालेच, तर पुढे केलेल्या चिठ्ठीवर न वाचता सही करावी. तिच्यावर ‘सर्व मूळ कागदपत्रे मिळाली, कोणतीही तक्रार नाही’ असे आधीच छापलेले असते.

आता उपरोध पुरे. माझ्या सल्लागाराला आणि त्याच्यासारख्या इतरांना सरळच सांगतो. तुमच्याकडे दिलेली कागदपत्रे आमची आहेत. तुम्ही ती काम करण्यासाठी घेतलीत, सांभाळण्यासाठी नव्हे, आणि आम्हाला बांधून ठेवण्यासाठी तर मुळीच नव्हे. माणूस दुसरीकडे जातो म्हणून त्याची फाइल गहाळ होत नाही. ती गहाळ केली जाते, किंवा तुम्ही ती कधी नीट लावलेलीच नसते, आणि यांतले कोणते कारण अधिक लाजिरवाणे हे तुम्हीच ठरवा. आमच्या पोर्टलच्या खात्यावर स्वतःचा मोबाइल घालणे ही सोय नव्हे, ते आमच्या दाराला लावलेले तुमचे कुलूप आहे. आमच्या सहीचा टोकन पासवर्डाच्या चिठ्ठीसकट खणात ठेवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे, आणि आपल्या सहीची किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची जबाबदारी माहिती तंत्रज्ञान कायद्याने आमच्यावर टाकली आहे, म्हणून तो परत मागणे हा आमचा संशयीपणा नव्हे. तुमच्यापैकी जे चार्टर्ड अकाउंटंट आहेत, त्यांच्याविरुद्ध त्यांच्या संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे फॉर्म आयमध्ये तक्रार करता येते. जे नाहीत, त्यांना ही सवलत मिळत नाही असे समजून निर्धास्त राहू नये, कारण वकिलाची नोटीस सर्वांनाच लागू पडते. दुसऱ्याच्या पॅन कार्डाची झेरॉक्स माझ्या फोल्डरमध्ये घालताना हात थरथरला नाही, निदान माझा अहवाल शोधताना तरी तो जरा हलू द्या.

यादी पत्रासोबत जोडलेली आहे. पहिल्या ओळीत मूल्यांकन अहवाल आहे आणि दुसऱ्या ओळीत खरेदीखत. चावीवाला रजेवर असेल तर कुलूप तोडा, पण कागद पाठवा.