टीव्हीवर आवाज येतो पण चित्र नाही: आपल्या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

रिव्ह्यू: "मुलीच्या लग्नाचं शूटिंग यांच्याकडून केलं. हार्ड डिस्क टीव्हीला लावली तर मंगलाष्टकांचा आवाज येतो, पण पडदा काळा. पुतण्याने लॅपटॉपवर लावलं तर मंगलाष्टकं पुढे आणि गुरुजींचे ओठ मागे. फोन केला तर म्हणे व्हीएलसी टाका. टीव्हीत ते सापडतच नाही. एवढे पैसे घेऊन खराब फाइल्स द्यायच्या?"

नमस्कार ताई,

लग्नाचा व्हिडिओ घरच्यांना सोबत बसवून लावावा आणि पडदा काळा राहावा, याचा किती त्रास होतो ते मी समजू शकतो. म्हणून "व्हीएलसी टाका" एवढ्यावर न थांबता नीट सांगतो. आपल्या डिस्कची एक प्रत आमच्याकडे असते. त्यातली अंतरपाटाची फाइल, C0043.MP4, मी इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिली. चित्र आणि आवाज दोन्ही बरोबर आहेत. फाइल खराब असती तर ती प्रत्येक यंत्रावर त्याच जागी अडकली असती, किंवा चित्रात हिरवे-करडे चौकोन दिसले असते. आपल्याकडे टीव्हीवर एक तक्रार आणि लॅपटॉपवर वेगळीच, म्हणजे दोन यंत्रांना ती फाइल उलगडणं दोन वेगळ्या कारणांनी जमत नाहीये.

आपण ठरवताना कॅमेऱ्यातलं मूळ फुटेजही मागितलं होतं. त्यामुळे डिस्कवर दोन फोल्डर आहेत: Film आणि Camera Original. C0043 दुसऱ्यातली आहे. नावाच्या शेवटी MP4 असलं तरी तो फक्त डबा आहे. आत चित्र एका पद्धतीने आवळून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. या आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. टीव्ही दोन्ही वेगवेगळे उलगडतो. एक जमलं आणि दुसरं नाही, की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. आपल्या फाइलमधला आवाज न आवळलेला, साधा पीसीएम आहे, म्हणून टीव्हीने तो लगेच वाजवला. अडलं ते चित्रापाशी.

चित्र एच.२६५ पद्धतीचं आहे, यालाच एचईव्हीसी म्हणतात. ही पद्धत २०१३ साली आली. त्याआधीची, २००३ सालची एच.२६४ पद्धत आज जवळजवळ प्रत्येक टीव्ही, मोबाईल आणि लॅपटॉपला कळते. आपला टीव्ही फोर-के असेल तर एच.२६५ त्यालाही बहुधा कळतं, पण त्यातला एकच प्रकार, ज्यात रंगांची माहिती ४:२:० या मापाने साठवलेली असते. आमचे कॅमेरे १० बिट आणि ४:२:२ मध्ये रेकॉर्ड करतात. १० बिट म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा. ४:२:२ म्हणजे ४:२:० पेक्षा रंगांची दुप्पट माहिती. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली हळदीचा चेहरा आणि शालूचा रंग नंतर सुधारायचा असेल तर ही माहिती लागते, म्हणून आम्ही हा पर्याय सोडत नाही. पण टीव्हीतली चित्र उलगडणारी चिप साधारणपणे ४:२:२ साठी बनवलेलीच नसते. ती चिप बदलता येत नाही आणि सॉफ्टवेअर अपडेटनेही तिला हे येत नाही.

म्हणूनच टीव्हीवर व्हीएलसीचा फारसा उपयोग नाही. व्हीएलसी मोफत आहे, चांगलं आहे, आणि कॉम्प्युटरवर मी सगळ्यांना तेच सांगतो, कारण कोडेक उलगडण्याची सोय ते स्वतःसोबत आणतं. अँड्रॉइड टीव्ही असेल तर तिथे ते मिळतं. इतर अनेक टीव्हींच्या अॅप स्टोअरमध्ये ते नसतंच, आपल्याला सापडलं नाही ते बहुधा यामुळे. आणि टाकता आलं तरी चिपची मदत न मिळाल्यामुळे सगळा भार टीव्हीच्या छोट्या प्रोसेसरवर येतो, आणि फोर-के चित्र अडखळत चालतं.

आता लॅपटॉप. तिथे चित्र दिसलं, म्हणजे पुतण्याच्या प्लेअरला कोडेक कळला. नुसत्या विंडोजच्या प्लेअरवर बऱ्याचदा आधी HEVC Video Extensions विकत घ्यायला सांगणारी सूचना येते. तरी ओठ मागे का पडले? आपली फाइल सेकंदाला ५० चित्रांची आहे, म्हणजे प्रत्येक चित्र उलगडायला २० मिलिसेकंद मिळतात. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला ४:२:२ येत नसेल तर ते काम मुख्य प्रोसेसर करतो. समजा त्याला एका चित्रामागे ३० मिलिसेकंद लागले. मग १० सेकंदांच्या आवाजात जी ५०० चित्रं दाखवायची, त्यांना १५ सेकंद लागणार. आवाज तुटला तर कानाला लगेच खटकतं, म्हणून प्लेअर घड्याळ आवाजाला लावतो आणि चित्राला त्याच्यामागे धावायला लावतो. धावताना काही चित्रं गाळली जातात, काही उशिरा येतात. आपल्याला दिसलेले मागे पडलेले ओठ हेच असणार, पण खात्री पुतण्याला घरीच करता येईल.

त्याने ती फाइल व्हीएलसीमध्ये चालवावी आणि Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडावा. CPU चा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून राहिला तर लॅपटॉप दमतोय. दुसरी खूण: चित्र बरंच मागे पडलं की थांबवून पुन्हा चालू करावं. काही क्षण ओठ आणि आवाज जुळले आणि पुन्हा हळूहळू लांबले, तर दोष वेगाचा आहे. त्याउलट पहिल्या सेकंदापासून अंतर तेवढंच राहत असेल तर आवाजाचं साधन पाहायला हवं. ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर तो आवाज थोडा उशिरा देतो, म्हणजे ओठ पुढे आणि आवाज मागे. आपल्याकडे उलट आहे, त्यामुळे ब्लूटूथवर माझा संशय नाही. कायम अंतर असेल तर व्हीएलसीमध्ये K दाबल्यावर आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो आणि J दाबल्यावर तेवढाच पुढे येतो. वाढत जाणाऱ्या अंतरावर मात्र या बटणांचा उपयोग नाही. आत्ता जुळवलेलं पुढच्या मिनिटाला पुन्हा सुटतं.

फाइलमध्ये नेमकं काय आहे ते पाहायचं असेल तर व्हीएलसीमध्ये ती चालू असताना Ctrl+J दाबा. खिडकीत Codec समोर HEVC आणि Decoded format समोर 4:2:2 आणि 10-bit दिसेल. मग Film फोल्डरमधली फाइल तशीच उघडा. तिथे H264 आणि 4:2:0 दिसेल. संपादित फिल्म आम्ही मुद्दाम अशीच करतो, आवाजही एएसी पद्धतीचा, म्हणजे ती टीव्हीवर थेट लागावी. आपल्या मोबाईलवर पाठवलेला ट्रेलर याच पद्धतीचा होता. तेव्हा आज संध्याकाळी घरच्यांसोबत पाहायचं असेल तर Film फोल्डर उघडा. मंगलाष्टकं, सप्तपदी आणि पाठवणी तिथे पूर्ण आहेत.

मूळ फुटेजमधलाच एखादा न वापरलेला भाग टीव्हीवर हवा असेल, तर त्याची टीव्हीसाठी वेगळी प्रत करावी लागते. फाइलचं नाव .mp4 चं .avi करून काही होत नाही, आतला कोडेक तोच राहतो. कोडेक पॅक म्हणून कुठल्याही साइटवरून काही उतरवूही नका, त्यासोबत नको ते लॅपटॉपमध्ये शिरतं. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम पुरतो. फाइल त्यात टाकून Fast 1080p30 निवडायचं, मग Video टॅबमध्ये H.264 (x264) ठेवायचं आणि Framerate मध्ये Same as source व Constant Framerate निवडायचं. लग्नात पाहुण्यांनी मोबाईलवर घेतलेल्या क्लिप्ससाठीही हे Constant Framerate लक्षात ठेवा. मोबाईल अंधारात चित्रांचा वेग आपोआप कमी-जास्त करतो, आणि अशा क्लिप्स कुणी घरी जोडल्या तर पुढे पुढे आवाज सुटत जातो.

पुतण्याला कमांड चालवता येत असेल तर हेच काम असं होतं:

```
ffmpeg -i C0043.MP4 -vf scale=1920:-2 -c:v libx264 -pix_fmt yuv420p -crf 18 -c:a aac -b:a 192k C0043_TV.mp4
```

यात महत्त्वाचं आहे yuv420p. ते लिहायचं राहिलं तर फाइल एच.२६४ होईल, पण ४:२:२ आणि १० बिट तसंच राहील, आणि टीव्हीवर पुन्हा काळा पडदा. पुष्कळ जण इथेच फसतात आणि दोष टीव्हीला देतात.

जुन्या लॅपटॉपला हे रूपांतर जड जातं. अर्ध्या तासाच्या विधीला काही तास लागू शकतात, तेव्हा रात्री लावून ठेवावं. ते पेन ड्राइव्हवर न्यायचं असेल तर त्याचा फॉरमॅट exFAT असू द्या. FAT32 वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मूळ फाइल्स तर सेकंदाला २०० मेगाबिटच्या आहेत, म्हणजे दहा मिनिटांचे साधारण १५ जीबी.

हे सगळं घरी करण्याची आपल्यावर वेळ यावी असं मला वाटत नाही. हार्ड डिस्क आणि टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो स्टुडिओत पाठवा. Camera Original मधले कुठले भाग हवे ते फाइलच्या नावाने किंवा नुसतं "अंतरपाट, कानपिळी" असं सांगा, टीव्हीसाठीच्या प्रती आम्ही काहीही न घेता करून देऊ. मॉडेलनुसार आधी दोन मिनिटांचा तुकडा पाठवतो, तो आपल्या टीव्हीवर लागला की बाकीचं करतो. फक्त एक विनंती, टीव्हीवर चालत नाहीत म्हणून मूळ फाइल्स पुसू नका. दहा वर्षांनी नवीन टीव्हीसाठी पुन्हा फिल्म करावीशी वाटली, तर रंगांची पूर्ण माहिती त्यांच्यातच आहे. आणि पुतण्याच्या घरी एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचं मॅकबुक असेल तर C0043 त्यावर आजच लावून बघा. त्या चिपला ४:२:२ येतं, चित्र आणि मंगलाष्टकं दोन्ही जुळलेली दिसायला हवीत.