फ्लेक्स काढला, मग मागं काय दाखवायचं?

परवा कट्ट्यावर बाळ्यानं लॅपटॉपवर फोटोशॉप उघडलं आणि चहा येईपर्यंत भांडण सुरू झालं. आळीतल्या जुन्या वाड्याचा फोटो मंडळाच्या स्मरणिकेच्या कव्हरला घ्यायचाय, आणि वाड्याच्या पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा दहा फुटी फ्लेक्स. वाडा पाच खणी, त्यातला मधला खण पूर्ण झाकलेला आणि चौथा अर्धा. मन्या म्हणाला, अरे सिलेक्ट कर, कंटेंट-अवेअर फिल मार, संपलं. बाळ्यानं तेच करून दाखवलं. आलेल्या चित्रात खिडकीचे गज मधेच वितळलेले, कठड्याचा एकच तुकडा तीनदा, आणि एक खांब वरून सुरू होऊन खाली कुठंच पोचत नव्हता. भिंतीला, आभाळाला ते ठीक आहे रे, पण खांब, गज असल्या ठरावीक अंतरानं येणाऱ्या गोष्टींचं त्याला काही कळत नाही.

मग मन्या म्हणे दुसरा खण उचलून तिसऱ्यावर चिकटव. कल्पना बरोबर, पण फोटो तिरका काढलाय, म्हणजे लांबचा खण अरुंद दिसणार, किती अरुंद ते डोळ्यानं ठरवलं की फसतं. इथं शिल्पाताई (आर्किटेक्ट, आमच्यात एकटीच ती) म्हणाली, एक रेघ मार फक्त. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या बरोबर मध्यातून रेघ काढायची, ती खालच्या तुळईला जिथं लागेल तिथं तिसरा खांब. खांब सारख्या अंतरावर असले तर हे चालतंच. बाळ्यानं केलं, चौथ्या खांबाची जागा पण तशीच काढली आणि रेघ फ्लेक्सखालून डोकावणाऱ्या खांबाच्या पायावर अचूक टेकली. मग Ctrl+T, राइट क्लिक, डिस्टॉर्ट, चारही कोपरे त्या खुणांवर.

तरी काहीतरी खटकत होतं. झूम केल्यावर दिसलं, फ्लेक्स गेला पण त्याची सावली खालच्या दुकानाच्या पत्र्यावर तशीच. शिवाय उचललेल्या खणात कठड्यावर एक निळा टॉवेल वाळत होता, तो दोन्हीकडं, एकच घडी, एकच सुरकुती. टॉवेल पुसणं सोपं, सावली नाही, कारण ती नुसती काळी नसते, वरून आभाळाचा उजेड येतो म्हणून जराशी निळसर असते. कर्व्ह्जनं उजळवली की निळेपणा उरतो, तो वेगळा काढावा लागतो.

पण शिल्पाताईचा खरा आक्षेप वेगळाच. ती म्हणाली, तिसऱ्या खणात खिडकीच आहे कशावरून, पुष्कळ वाड्यांत मधल्या खणाचं काम वेगळं असतं. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे, तिच्यात लिहिलंय, जिथून अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मन्या लगेच, अगं ते इमारतीसाठी, हे स्मरणिकेचं कव्हर आहे, कोण मोजायला येतंय. ती म्हणे पन्नास वर्षांनी कोणीतरी हाच फोटो पुरावा म्हणून काढेल. हे दोघं असे सुरू झाले की थांबत नाहीत.

मी म्हणलं अंदाज कशाला, जाऊन बघा ना, फ्लेक्स भिंतीला चिकटलेला नाही, बांबूवर पुढं तीन फूट आहे. बाजूला सरकलं की मागचं दिसायला लागतं. बाळ्या म्हणे मी सरकलो होतो, काही फरक पडला नाही. पडणारच नाही, हा रस्त्याच्या पलीकडून, भिंतीपासून तीस फुटांवर, तिथून नऊ फूट सरकला की फ्लेक्सची कड भिंतीवर जेमतेम फूटभर हलते. तेच भिंतीपासून नऊ फुटांवर ये, मग दोन फूट सरकलं की फूटभर भिंत मोकळी होते. डावीकडून एक, उजवीकडून एक, आणि समोरच्या जिन्यावरून वरच्या कडेसाठी एक. सगळे लागोपाठ काढायचे, नाहीतर ऊन सरकतं.

ते फोटो मूळ फोटोवर बसवताना भिंतीचे चार पक्के बिंदू धरायचे, खिडकीच्या चौकटीचे कोपरे वगैरे. भिंत बसते, पण पुढं आलेला कठडा आणि खांब बसत नाहीत, कारण ते भिंतीच्या पातळीत नाहीत, त्यांना वेगळ्या लेयरवर वेगळं ओढावं लागतं. आणि फार तिरक्यातून घेतलेला भाग ताणल्यावर मऊ पडतो, म्हणून शेवटी सगळ्यावर थोडा सारखा नॉइज.

बाळ्या काल जाऊन आला. मधल्या खणात खिडकी नाहीच, दार निघालं, वर लाकडी कमान. मन्या म्हणतो अर्धा तास वाया घालवला, खिडकीच बरी दिसत होती. शिल्पाताईनं अट घातलीय की चौथ्या खणाचा जो कोपरा कुठूनच दिसला नाही तो साधा विटकरी सोडायचा आणि आतल्या पानावर लिहायचं. मन्याचं म्हणणं, मग तो तुकडा कव्हरवर स्मरणिकेच्या नावाखाली घाला, कोणाला दिसणार पण नाही. लेआउट करणाऱ्याला विचारायचंय.