नितीन कंपनीच्या सिग्नलपर्यंत काय बोलायचं?

ठाण्यात हवापाण्यावर गप्पा मारता येत नाहीत. जूनपासून पाऊस, मार्चपासून उकाडा आणि उरलेल्या महिन्यांत धूळ. "काय उकडतंय ना!" "हो ना!" संपला विषय. ज्यांना गप्पा येतात ते इथून एसीवर जातात, एसीवरून विजेच्या बिलावर, बिलावरून दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या वहिनीवर. मी "हो ना"पाशीच उतरते.

एरवी याचं काही अडत नाही. पण स्टेशनवरून वर्तकनगरला जाणाऱ्या शेअर रिक्षाच्या रांगेत आमच्या सोसायटीच्या सी विंगमधला एक मुलगा उभा असतो आणि तो मला आवडतो. त्याचं नाव मला माहीत आहे, पण लेखात लिहायला धीर होत नाही. आपण त्याला सी विंगच म्हणू.

ज्यांना सोशल अँक्झायटी नाही, त्यांना वाटतं आम्ही मितभाषी असतो. अहो, आमच्याइतकं कोणी बोलत नाही, फक्त ते बाहेर येत नाही. सी विंग "आज लवकर?" असं विचारतो. माझ्या डोक्यात लगेच बैठक भरते. "हो" म्हटलं तर तुटक वाटेल. "हो, आज बॉस रजेवर" म्हटलं तर कामचुकार वाटेन. "तुम्हीपण?" म्हटलं तर मी त्याच्या वेळा पाहून ठेवते हे उघड होईल, आणि मी त्या पाहून ठेवतेच. शिवाय मान किती वळवायची, हसताना वरची हिरडी दिसते का, आवाज किरटा येतोय का, ही कामं चालूच. रिक्षा घरी पोचेपर्यंत माझी एकूण चार वाक्यं झालेली असतात आणि मी दिवसभर लग्नात पंगत वाढून आल्यासारखी सोफ्यावर पडते.

माझी मावसबहीण नौपाड्यात समुपदेशक आहे. मी तिच्याकडे जाते हे कळल्यावर आईने दचकून विचारलं, "म्हणजे ठाण्याला?" इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून अख्खा महाराष्ट्र कोणालाही ठाण्याला पाठवायच्या गोष्टी करत आलाय. मी म्हटलं, "आई, आपण ठाण्यातच राहतो." यावर तिने जो सुस्कारा सोडला, त्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

ताईने पहिल्याच दिवशी बोलण्याचा विषय बाजूला ठेवला आणि विचारलं, "बोलताना काय काय सांभाळतेस ते सांग." यादी झाली. रांगेत उभ्या उभ्या मनात वाक्य तयार करणं. बॅगेचा पट्टा घट्ट धरणं, म्हणजे हात थरथरताना दिसत नाहीत. नजर मीटरवर, जो शेअर रिक्षात बंदच असतो. शांतता पसरू नये म्हणून प्रश्नावर प्रश्न. आणि अडीअडचणीला एक राखीव विषय: १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. सी विंगने एकदा सहज "गाडी लेट होती का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून तिन्ही इंजिनं बाहेर पडली. तो "अच्छा" म्हणाला.

ताई हसली नाही. हसायचं नाही याचंच बहुधा त्यांना शिक्षण देतात. ती म्हणाली, यांना सेफ्टी बिहेवियर म्हणतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सोशल अँक्झायटीची जी मांडणी केली, तिचा हा कणा आहे. माणूस घाबरला की त्याचं लक्ष समोरच्यावरून उठून स्वतःवर येतं. मग तो आतल्या धडधडीवरून ठरवतो की आपण बाहेरूनही तसेच दिसत असणार. ते दिसू नये म्हणून तो या युक्त्या करतो. काही भयंकर घडत नाही, पण त्याचं श्रेय जातं युक्त्यांना. पट्टा धरला म्हणून वाचले, असंच मला दरवेळी वाटत आलं. पट्टा सोडून पाहिलाच नाही, तर वाचवलं कोणी हे कळणार कसं? शिवाय समोरच्याला यातलं काय दिसतं, तर एक मुलगी, जी माझ्याशी बोलताना बंद मीटरकडे बघते. म्हणजे मी घाबरलेली दिसू नये म्हणून जे करत होते, त्यामुळे मी तुसडी दिसत होते.

थकवाही यातूनच येतो. दोन माणसांच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण किती वेळ जातो, हे २००९ मध्ये दहा भाषांत मोजलं गेलं. सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास. मराठी त्या दहांत नव्हती, पण आमच्या मावशीला मोजलं असतं तर उणे आकडा आला असता. सर्वांत सावकाश निघाले डॅनिश लोक, तेही अर्ध्या सेकंदाच्या आतच. इतक्या फटीत उत्तर येतं, कारण ऐकणारा वाक्य संपायच्या आधीच पुढचं जुळवायला लागलेला असतो. हे जमतं ते ऐकता ऐकता. मी ऐकतच नव्हते, स्वतःवर पहारा देत होते. त्यामुळे मला डेन्मार्कही पुरलं नसतं.

मग ताईने प्रयोग लावून दिला. एका संध्याकाळी सगळ्या युक्त्या मुद्दाम जोरात करायच्या. दुसऱ्या संध्याकाळी त्या सोडायच्या आणि लक्ष बाहेर ठेवायचं: त्याचा आवाज, तो काय म्हणाला, रस्त्यावर काय दिसतंय. दोन्ही वेळा घरी येऊन कार्डावर शंभरपैकी भीती किती वाटली ते लिहायचं. आणि जाण्याआधी भाकीत लिहायचं, पण "वाईट होईल" असं मोघम चालणार नाही, डोळ्यांना दिसेल असं हवं. मी लिहिलं: "सिग्नलला मी स्वतःहून काही बोलले नाही, तर तो फोन काढेल आणि पुन्हा माझ्याशेजारी बसणार नाही."

शेअर रिक्षा या कामाला फार सोयीची, हे ताईलाही सुचलं नव्हतं. शेजारी शेजारी बसायचं, त्यामुळे डोळ्यांत डोळे घालायचा प्रश्न नाही. आवाज इतका की अर्धी वाक्यं तशीही हवेत जातात. आणि शेवट ठरलेला. कॉफी प्यायला गेलं की उठायचं कधी, ही एक वेगळी दहशत असते. इथे सोसायटीचं गेट आलं की सभा बरखास्त.

पहिली संध्याकाळ नेहमीसारखी गेली, फक्त जास्त दमले. कार्डावर ऐंशी. दुसऱ्या दिवशी मी कडेला, मधल्या सीटवर सी विंग आणि पलीकडे भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू. पट्टा सोडला. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ते मांडीवर ठेवले. नितीन कंपनीच्या सिग्नलला रिक्षा थांबली. मी गप्प. आणि सी विंगने फोन काढला.

भाकीत खरं ठरल्याचं एक विचित्र समाधान असतं. त्याने वेळ बघितली, फोन परत खिशात टाकला आणि म्हणाला, "आज डब्यात शेपू होता. बॅगेला अजून वास येतोय. सॉरी हं."

आदल्या दिवशीची मी असते तर "नाही नाही, छे!" म्हणून उकाड्यावर गेले असते. पण लक्ष बाहेर असल्यामुळे शेपू हा शब्द ऐकू आला. ताईने सांगितलं होतं, नवा विषय शोधू नकोस, त्याच्याच वाक्यातला एक शब्द उचल. मी विचारलं, "स्वतः केलास?" म्हणाला, "हो, पण कडू झाला." आता इथे आणखी एक खड्डा असतो. प्रश्न विचारत राहिलं की आपण छान लपतो आणि तेही सेफ्टी बिहेवियरच. ओळखायची खूण अशी की घरी आल्यावर आपल्याला त्याच्या आत्याचं गावसुद्धा माहीत असतं आणि त्याला आपलं आडनाव माहीत नसतं. म्हणून प्रश्नाआधी स्वतःचं काहीतरी ठेवायचं, छोटंसं. मी म्हटलं, "मला शेपू अजिबात आवडत नाही. आई पराठ्यात लपवून घालते. तू मुद्दाम का करतोस?"

तो उत्तर देणार इतक्यात काकू वाकून म्हणाल्या, "मूगडाळ घातली नाहीत का? आणि लसूण?" पुढचा सगळा रस्ता काकूंचा. आम्ही दोघं हसत होतो आणि माझी हिरडी दिसत होती की नाही, हे मी त्या दिवशी पाहिलंच नाही. कार्डावर पंचावन्न. शून्य नाही. ताई म्हणाली, शून्य कोणाचंच येत नाही, तिचंही नाही. भाकिताबद्दल म्हणाली, "फोन काढला हे लिही. खरंय ते. पुन्हा शेजारी बसतो का, ते उद्या बघून लिही."

रात्रीचं शवविच्छेदन मात्र चुकलं नाही. अकराच्या सुमारास "आवडत नाही असं तोंडावर कसं म्हणालीस?" हा खटला उभा राहिला. त्यावर ताईचा नियम: फक्त तो काय बोलला आणि त्याने काय केलं, तेवढंच लिहायचं. आपण कसे वाटलो असू, हे पुराव्यात धरत नाहीत. लिहून पाहिलं तर तीन ओळी झाल्या आणि त्यातली दीड काकूंची होती.

हे सगळं रिक्षापुरतं ठीक. भीतीपायी कोणी नोकरी सोडत असेल, प्रमोशन नाकारत असेल, महिनोन्‌महिने घराबाहेर पडणं टाळत असेल, तर कार्डांवर भागत नाही, डॉक्टर गाठावे लागतात. सरकारची टेलिमानस म्हणून मोफत सेवा आहे, १४४१६. फोनवर बोलायला घाबरणाऱ्यांना फोन नंबर दिलाय, यावर मी ताईशी भांडले. ती म्हणाली, "तिथे तुला शेपूवर बोलावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी रांगेत माझा नंबर आला. रिक्षात दोघं आधीच बसलेले आणि रांग लावणारा दादा ओरडत होता, "ताई, एक सीट, एक सीट!" सी विंग मागे चार माणसं सोडून उभा होता. मी फोन कानाला लावला, कोणाचाही आला नव्हता, आणि मागच्या आजोबांना म्हटलं, "तुम्ही बसा, माझं जरा बोलणं चाललंय." पुढच्यालाही म्हटलं, त्याच्या पुढच्यालाही.

खोटा फोन सेफ्टी बिहेवियरमध्ये धरायचा का, असं ताईला विचारलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "पळून जायला लावलास तर धरतात. थांबायला लावलास, तर तो तुझा तू बघ."