‘वय 21 ते 32’ या ओळीतून काय गळतं

‘मुलगा यूपीएससीची जाहिरात उघडतच नाही. इन्स्टावरच्या सात स्लाइड्स बघतो आणि म्हणतो, सगळं कळलं. ही कॅरोसेल बंद करावीत की नकोत, यावर आमच्या कट्ट्यावर रोज भांडण. तुम्ही अमेरिकेत असता. तिकडे लोक मूळ जाहिरात वाचतात का?’
– एक वाचक, सातारा

इकडेही बहुतेक जण अख्खी वाचत नाहीत. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकऱ्या USAJOBS या संकेतस्थळावर निघतात. तिथे प्रत्येक जाहिरातीला एक ठरलेली चौकट असते. अर्ज कधीपासून कधीपर्यंत, पगार किती, जागा कुठे, हे सगळं त्या चौकटीत दिसतं आणि बरेच जण तिथूनच ठरवतात. फरक एवढाच, की ज्या कचेरीची जाहिरात तिचीच चौकट. आकडा चुकला तर कुणाला धरायचं ते माहीत असतं. आपल्याकडे सारांश करतो कुणीतरी तिसराच. तो चुकला तर उमेदवाराच्या हातात राहतो फक्त स्क्रीनशॉट.

एवढ्यावरून ‘तिकडे बघा कसं’ म्हणून टाळ्या घेऊ नयेत. अर्ज वेळेत गेला, पण मागितलेला कागद जोडला नाही म्हणून बाद, हे इथेही घडतं. काही जाहिराती तर ठरावीक संख्येने अर्ज आले की शेवटच्या तारखेआधीच बंद होतात. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि चौकटीतली तारीख बघून निवांत बसलेला माणूस फसतो. सारांशात आकडा येतो, त्या आकड्याची अट मागे राहते. हे दोन्ही देशांत सारखंच आहे.

आता 2025 च्या नागरी सेवा परीक्षेची जाहिरात घेऊ. ती 22 जानेवारी 2025 ला निघाली. पात्रतेच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत असतं ‘वय 21 ते 32’. जाहिरातीत हे असं नाही. तिथे आहे, 1 ऑगस्ट 2025 ला 21 वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि 32 पूर्ण झालेली नसावीत. म्हणजे जन्म 2 ऑगस्ट 1993 च्या आधीचा नको आणि 1 ऑगस्ट 2004 च्या नंतरचा नको.

खुल्या प्रवर्गातला, 1 ऑगस्ट 1993 ला जन्मलेला मुलगा फेब्रुवारीत अर्ज भरताना 31 वर्षांचा असतो. स्लाइडच्या हिशेबाने तो आरामात बसतो. पण 1 ऑगस्टला त्याची 32 पुरी होतात, म्हणून तो अपात्र. दुसऱ्या दिवशी जन्मलेला पात्र. ‘आता मला बत्तिसावं लागलंय’ आणि ‘माझी बत्तीस पूर्ण झाली’ यांत मराठीत अख्ख्या वर्षाचं अंतर आहे. ‘21 ते 32’ या चार अक्षरांत ते कुठे मावणार? आयोगाने जन्मतारखा स्वतःच छापलेल्या आहेत. स्लाइडवर वय लिहिण्याऐवजी त्या दोन तारखा उचलून ठेवल्या, त्यांतली 1993 ची तेवढी ओबीसींसाठी मागे तीन वर्षं आणि एससी-एसटींसाठी पाच वर्षं सरकवली, की प्रश्न मिटतो. जागाही तेवढीच लागते.

अशी पानं चालवणाऱ्या एका मुलाशी या विषयावर ई-मेलवर वाद झाला. त्याचं म्हणणं, ‘यूपीएससीची तारीख 1 ऑगस्ट, एमपीएससीची 1 एप्रिल, हे आम्हाला पाठ आहे.’ त्याचं अर्धं बरोबर आहे. नागरी सेवेसाठी 1 ऑगस्ट कायम असते. एमपीएससीत मात्र वय कोणत्या दिवशी मोजायचं ते त्या त्या जाहिरातीत छापलेलं असतं. मागच्या वर्षीच्या स्लाइडचा साचा उचलून फक्त साल बदलणाऱ्याचा पाय तिथेच घसरतो.

त्याहून महाग पडतं ते प्रमाणपत्र. कॅरोसेलमध्ये ‘EWS / OBC-NCL प्रमाणपत्र आवश्यक’ अशी एक ओळ असते, शेजारी हिरवी खूण. कोणत्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावरचं आणि कोणत्या तारखेपर्यंत काढलेलं, हे नसतं. 2022 च्या परीक्षेत अर्जाची शेवटची तारीख 22 फेब्रुवारी 2022 होती. आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र 2020-21 च्या उत्पन्नावरचं आणि त्या तारखेपर्यंत हातात आलेलं हवं होतं. काही उमेदवारांची प्रमाणपत्रं या अटीत बसली नाहीत. पूर्व, मुख्य आणि मुलाखत, तिन्ही पार करून त्या प्रवर्गाचा दावा मात्र गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू मान्य केली. हे उमेदवार खरोखर गरीब होते की नव्हते, हा प्रश्न तिथे नव्हता. कागद कुठल्या वर्षाचा आणि कधीचा, एवढाच होता.

महाराष्ट्रातल्या मुलांना इथे आणखी एक खड्डा आहे, आणि दिल्लीत तयार झालेल्या साच्यावरून मराठी केलेल्या स्लाइडमध्ये तो दिसणं शक्यच नाही. आपल्याकडे वि.जा., भ.ज. ब, क, ड, वि.मा.प्र., एसईबीसी असे राज्याचे प्रवर्ग आहेत. केंद्राच्या अर्जात ते नसतात. धनगर किंवा वंजारी उमेदवार राज्यात भटक्या जमातीत मोडतो, केंद्राच्या यादीत ओबीसीत. त्याला केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं नॉन-क्रीमिलेअर दाखवून भागत नाही. एसईबीसीचा दाखला तर केंद्रात चालतच नाही. मराठा उमेदवार निकषांत बसत असेल तर तिथे EWS मधून जातो. सेतू केंद्रात ‘सेंट्रलचं हवं’ असं स्पष्ट सांगितलं नाही तर सवयीने राज्याचा नमुना हातात पडतो. पुण्यात अभ्यासिका चालवणारे एक गृहस्थ, ज्यांनी असे ढीगभर कागद तपासलेत, ते सांगतात, ‘नाव बघू नका, खालची ओळ बघा. केंद्र सरकारच्या पदांसाठी असं छापलंय का, तेवढं बघा.’

शुल्काची स्लाइड सगळ्यात सोपी वाटते आणि तिथेही घोळ आहे. ‘शुल्क 100 रुपये, आरक्षित प्रवर्गांना माफ.’ माफी आहे ती महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना. ओबीसी आणि EWS मधल्या पुरुषांना शंभर रुपये भरावेच लागतात. शंभराची नोट फार मोठी नाही, पण शुल्क न आलेला अर्ज बाद होतो, तिथे श्रीमंत-गरीब असा फरक नाही. 2025 च्या जाहिरातीत स्टेट बँकेत रोख भरण्याची सोयही होती, पण तो पर्याय शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री 11.59 लाच बंद होणार होता. स्लाइडवर एकच ‘शेवटची तारीख’ लिहिली की रोखीने भरणाऱ्याचा एक दिवस गुपचूप कमी होतो.

आणि ‘अर्ज कसा करावा’ या स्लाइडवर नोंदणी, माहिती, फोटो, शुल्क, प्रिंट असे पाच बाण असतात. ते बरोबर असतात. त्यात परीक्षा केंद्राबद्दल काही नसतं. परीक्षा केंद्र आधी येणाऱ्याला आधी या पद्धतीने मिळतं आणि चेन्नई, दिल्ली, दिसपूर, कोलकाता आणि नागपूर सोडून प्रत्येक केंद्राला उमेदवारांची मर्यादा असते. 2025 मध्ये शेवटची तारीख 11 फेब्रुवारीवरून 18 आणि मग 21 फेब्रुवारी झाली. ‘मुदत वाढतेच’ असं म्हणून थांबलेल्या पुण्याच्या मुलाचा अर्ज वेळेत गेला असेलही, पण तोवर पुणे केंद्र भरलं असेल तर दुसरं निवडावं लागतं.

न्यू जर्सीतल्या एका बाईंनी याच चर्चेत विचारलं, ‘माझ्या मुलीकडे ओसीआय कार्ड आहे, वयातही बसते, मग तिने अर्ज करायला काय हरकत?’ प्रश्न वेगळाच होता, पण स्लाइडच्या दृष्टीने चपखल. पात्रतेत वय आणि पदवी असते, राष्ट्रीयत्व बहुधा गाळलेलं असतं, कारण गावाकडच्या वाचकाला ते सांगायची गरज नसते. आयएएस आणि आयपीएससाठी भारताचं नागरिकत्व लागतं. ओसीआय कार्ड भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं, ते म्हणजे नागरिकत्व नव्हे.

मग कॅरोसेल बंद करावीत का? माझं मत, नको. बंदी मागणारे एक गोष्ट विसरतात. ही जाहिरात शंभराहून अधिक पानांची असते आणि इंग्रजी-हिंदीत असते. मराठी माध्यमातल्या मुलासाठी ती स्लाइड म्हणजे सारांश नाही, भाषांतर आहे. अमेरिकेत सरकारी मजकूर सोपा लिहावा म्हणून 2010 चा कायदा आहे. त्याने भाषा पुरती सुधारली असं नाही, पण सोपा मजकूर देणं ही कचेरीची जबाबदारी आहे, हे तरी कागदावर आलं. आपल्याकडे ती जबाबदारी क्लासवाल्यांनी उचलली आहे, अर्थात फुकट नाही. शेवटच्या स्लाइडवर बॅचची जाहिरात असतेच.

मात्र स्लाइड करणाऱ्याकडून दोन गोष्टी मागाव्यात. एक, प्रत्येक आकड्याशेजारी जाहिरातीतला परिच्छेद क्रमांक. मुलाला शंभर पानं वाचायची नसतील तर नको, ते एक पान तरी उघडता येईल. दुसरी, स्लाइड केली ती तारीख, चित्रावरच. इन्स्टाग्रामवर पोस्टखालचा मजकूर बदलता येतो, नको ती स्लाइड काढता येते, पण चित्रातला आकडा जागच्या जागी दुरुस्त होत नाही, आणि व्हॉट्सॲपवर गेलेल्या प्रतीला तर कुणीच हात लावू शकत नाही. 2024 ची राज्यसेवा पूर्व आधी 28 एप्रिलला होती, जागा 274. मग पुढे ढकलली गेली, सुधारित जाहिरातीत जागा 524 झाल्या, ऑगस्टमधली तारीखही गेली आणि परीक्षा अखेर 1 डिसेंबरला झाली. चित्रावर तारीख नसेल, तर एप्रिलची प्रत नोव्हेंबरमध्येही तितकीच ताजी दिसते.

पान चालवणारा तो मुलगा परिच्छेद क्रमांकाला तयार नाही. ‘स्लाइड भरगच्च दिसते, लोक पुढे सरकवत नाहीत,’ असं त्याचं म्हणणं. त्याचं खरंही असेल. अभ्यासिकेतल्या गृहस्थांनी तोवर जन्मतारखांचं ते एकच पान छापून पाण्याच्या पिंपावर चिकटवलंय.